कॅप्टनवाली लिफ्ट

२७ जानेवारी, सोमवार

काल हट्ट्याच्या व्हॉलीबॉल टुर्नामेंटची फायनल हरलो. पाच सेट झाले, शेवटचा १२-१५.

पाटबंधाऱ्याच्या या डायरीत मी पाण्याच्या पाळ्यांशिवाय काही लिहीत नाही. पण आज गुडघा सुजला म्हणून कालव्यावर गेलो नाही. खाटेवर बसून दुसरं काम नाही, म्हणून लिहितो.

पाचव्या सेटला ७-८ वर बाजू बदलल्या. तेव्हा मी भागवतला बाहेर काढलं आणि विश्वजीतला आत घेतलं. भागवत आमचा लिफ्टर, सोळा वर्षांपासून. तो जाळ्याजवळ बॉल वर उचलून देतो आणि आम्ही मारतो. पण दोन-तीन वर्षांपासून माझ्यासाठीची त्याची लिफ्ट बिघडली आहे. बॉल आभाळात जातो, तोही जाळ्यापासून हातभर मागं. तो खाली येईपर्यंत समोर दोघं ब्लॉकला हात वर करून तयार. आधी तो खाली, वेगात द्यायचा. ब्लॉक जमायच्या आत मी मारून मोकळा व्हायचो.

विश्वजीत वीस वर्षांचा आहे. त्याला म्हटलं, "मला जलद दे, खाली दे." त्यानं दिला. पहिला मी जाळ्यात मारला, दुसरा बाहेर गेला, तिसरा हातालाच नीट लागला नाही. पोरगं दडपणाखाली आलं असणार.

येताना क्रूझरमध्ये सगळ्यांसमोर म्हणालो, "मॅच भागवतच्या लिफ्टनं गेली. आधीच बदलायला पाहिजे होता." भागवत मागच्या सीटवर होता. शिरडशहापूरच्या पुढं ड्रायव्हरनं टेप लावला.

हरल्याचं वाईट वाटेल म्हणून रात्रभर वाट पाहिली. वाटलं नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

हिंगोलीला डॉक्टरला दाखवलं. फोटो काढला. गुडघ्यातली गादी झिजली आहे. चालायला हरकत नाही, उड्या बंद. मी विचारलं, "किती दिवस?" ते म्हणाले, "कायमच्या."

बसमध्ये खिडकीशी बसलो होतो. बेचाळीस वय. सिद्धेश्वरच्या पूर्णा क्लबमध्ये बावीस वर्षं, त्यातली चौदा कॅप्टन. घरी येऊन साधनाला सांगितलं. ती भाजी चिरत होती, हात थांबवून माझ्याकडं पाहत राहिली. "तुमाला काही वाटून नाही राहिलं का?"

"वाटेल," मी म्हणालो.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

माणिकराव आले होते. वय त्र्याहत्तर. धरणाच्या कॉलनीतलं मैदान त्यांनीच आखलं, क्लब त्यांनीच काढला. अजून संध्याकाळी खुर्ची टाकून बसतात. म्हणाले, "असं गपचूप नाही सोडायचं सूर्यकांता. बावीस मार्चला जेवण ठेवू. तू बोलायचं."

मी म्हणालो, मला भाषण येत नाही.

"भाषण नाही. आभार. दोन्हीत फरक हाय."

भागवत फायनलनंतर मैदानावर आलेला नाही. हळद निघाली आहे, कामात असेल.

१० फेब्रुवारी, सोमवार

आभाराचा पहिला कच्चा मसुदा लिहिला. साधनाला वाचून दाखवला. "सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, माझे सर्व सहकारी खेळाडू यांनी मला वेळोवेळी मोलाचे सहकार्य केले त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे."

साधना म्हणाली, "हे तर पाणी सोडल्याची नोटीस वाचल्यावानी वाटून राहिलं. यात माणूस कोणता हाय?"

संध्याकाळी माणिकरावांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला, घडी घातली आणि परत दिला. मग जे सांगितलं ते विसरू नये म्हणून लिहून ठेवतो.

सात मिनिटांवर जायचं नाही, लोक भुकेले असतात. जेवणाआधी बोलायचं, जेवण झाल्यावर कुणी ऐकत नाही. पाहुणे, अध्यक्ष एका वाक्यात उरकायचे. मग खेळाडू. तुला सोडून बाराच्या बारा रजिस्टरात आहेत, बाराही नावं घ्यायची. "मेहनती, जिद्दी, गुणी" असली विशेषणं नकोत. प्रत्येकानं खरोखर केलेली एक गोष्ट सांगायची, अशी की ऐकून शेजारचा म्हणेल, व्हय, असंच झालं होतं. जो राखीव बसला त्याचं नाव आधी, जो गाजला त्याचं नंतर. घरच्यांचे आभार. शेवटी नवा कॅप्टन, आणि बाहेर बसून त्याला शिकवणार नाही असा शब्द.

"आणि एक," ते म्हणाले. "चुकून कुणाचं नाव राहिलं असेल तर माफ करा, असं म्हणू नको. बारा माणसं मोजता येत न्हाईत का तुला?"

१५ फेब्रुवारी, शनिवार

प्रत्येकाची एक गोष्ट आठवायला बसलो. स्मॅश आठवतात, माझे. माणसं आठवत नाहीत. म्हणून ठरवलं, एकेकाला जाऊन विचारायचं.

आज मुन्नाकडं गेलो. त्याचं धरणाच्या रस्त्याला वेल्डिंगचं दुकान आहे. तो आमचा लिबेरो, म्हणजे वेगळ्या रंगाचा शर्ट घालून फक्त मागं खेळणारा, पडता बॉल उचलणारा. गेटाची चौकट जोडत होता. मी म्हणालो, "तुझी एखादी आठवण सांग. भाषणात घ्यायची आहे."

त्यानं काच वर केली. "मेरी? क्या बताऊँ कॅप्टन. मी तर मागंच असतो." मग म्हणाला, "तुमी मागं आले की मी दोन पावलं डावीकडं उभा राहतो. पहिले तकलीफ व्हायची, आता आदत झाली. परवा दुसऱ्या टीमकडून खेळलो तर तिथंबी डावीकडंच सरकलो. ते लोक हसले."

मी म्हणालो, "डावीकडं काहून?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग काच खाली ओढली. "तिकडं बॉल जास्त येतात ना."

लिहून घेतलं : मुन्ना. मागच्या लाइनमध्ये जास्तीची जागा सांभाळतो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पुंजाजीला शेतात गाठलं. सव्वासहा फूट उंच, मधून ब्लॉक करतो. गहू पाण्यावर होता, त्यामुळं माझ्याशी बोलताना पाळीचंच आधी विचारलं. मग म्हणाला, "मी काय केलं? उडत राहिलो." थोड्या वेळानं, "तुमी ब्लॉकला जाता त्या टायमाला मी जरा लौकर तिकडं निघतो. मग मधून दोन-चार मार बसतेत. तुमी ओरडता मंग, मधली जागा मोकळी काहून सोडली म्हणून."

"मग काहून सोडतोस?"

तो बारे मोडत, पाणी पुढच्या वाफ्यात वळवत पुढं गेला. फावड्याचा आवाज चालू राहिला. "चालतं, कॅप्टन."

लिहून घेतलं : पुंजाजी. पाय चपळ. बोलून घेतो, उलटून बोलत नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

विश्वजीतशी बोललो. त्याला फायनलबद्दल विचारलं. पोरगं खाली मान घालून होतं. मी म्हणालो, तुझ्यावर राग नाही, दडपण येतं पहिल्या वेळी.

तो म्हणाला, "काका, दडपण नव्हतं. भागवतकाकांनी मला चार लिफ्टा शिकवल्यात. पुंजाजीभाऊंची, मागची, लांबची, आणि चौथी कॅप्टनवाली."

"कॅप्टनवाली म्हणजे?"

"उंच. जाळ्यापासून हातभर मागं. ते म्हणायचे, ही रोज शंभर वेळा कर, ही सगळ्यात अवघड हाय, कारण उंच बॉल वाऱ्यावर हलतो. पण त्या दिवशी तुमी म्हणले ती नको, म्हणून मी दुसरी दिली."

म्हणजे भागवतनं स्वतःची वाईट सवय पोराच्याही हाताला लावली. आणि वर तिला माझं नाव दिलं. घरी येऊन यादीत भागवतच्या नावापुढची जागा कोरी ठेवली.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. साधना आणि मुलगी रेवती औंढ्याला दर्शनाला गेल्या. मी घरी. साबुदाणा खाल्ला. काही लिहिलं नाही.

२ मार्च, रविवार

साधनानं मसुदा वाचला, नवा. म्हणाली, बरा झाला. मग बोटांवर मोजलं.

"अकराच हायेत. भागवत भाऊजी?"

"तो येतच नाही आता."

"तो येत नाही का तुमी येऊ देऊन नाही राहिले?" तिनं कागद टेबलावर ठेवला. "मिना भेटली होती बाजारात, त्याची बायको. मी हाक मारली तर हसली, पण थांबली नाही. रेवतीच्या बारशाला तिनं आठ दिवस आपल्या घरचा स्वयंपाक केलता."

मी म्हणालो, खेळाचा विषय आहे, तुला कळणार नाही.

"बराबर हाय," ती म्हणाली आणि आत गेली.

माणिकरावांनाही तेच दिसलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "अकरा नावं घेशील तर लोक अकरांचं ऐकणारच न्हाईत. बारावं कधी येतं तेच ऐकत बसतील. तुझं सगळं भाषण भागवतवरच होईल, त्याचं नाव न घेता. एक तर सगळे, न्हाई तर कुणीच नाही."

मी म्हणालो, खोटे आभार कसे मानू?

"खोटे नको मानू. शोध."

८ मार्च, शनिवार

रेवती जेवणाच्या दिवशी भिंतीवर दाखवायला जुने व्हिडिओ जोडत आहे. तिचं अकरावीचं वर्ष, तरी बसली आहे. सगळ्यांच्या मोबाइलवरून तिनं तुकडे मागवले. दुपारी मला दाखवायला बसली.

२०१७, पुसेगाव. भागवतचा बॉल जाळ्याच्या कडेपासून जेमतेम दोन फूट वर जातो आणि मी आधीच वर आहे. माझं कोपर जाळ्याच्या पट्टीच्या वर. रेवती म्हणाली, "बाबा, किती उडायचे तुमी."

२०२२. कोपर पट्टीला टेकतं.

२०२४, औंढा. फक्त पंजा वर.

मी तिला म्हटलं, परत लाव. आता मी स्वतःकडं पाहिलं नाही, भागवतकडं पाहिलं. बॉल त्याच्याकडं येत असताना तो बॉलकडं पाहत नाही, माझ्या पायांकडं पाहतो. मी पळायला सुरुवात करतो. मग तो गुडघे जास्त वाकवतो आणि बॉल उंच उचलतो. पुंजाजीला देताना तो असा वाकत नाही. पुंजाजीला बोटांनी नुसता ढकलतो.

मुन्ना डावीकडं दोन पावलं. मी मागं असलो की पाठीमागची माझी अर्धी जागा त्याची.

पुंजाजी माझ्याकडं लवकर निघतो, कारण माझ्या हातांवरून समोरचा सरळ मारतो.

मग हट्ट्याची फायनल लावायला सांगितलं. पाचवा सेट. विश्वजीतचा बॉल बरोबर आहे. अगदी मी सांगितला तसा. बॉल वर टोकाला आहे आणि माझे पाय जमिनीवर आहेत. तीनही वेळा.

रेवतीनं विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो काही नाही, बॅटरी संपत आली तुझी.

बरोबर तीन वर्षं. उंच बॉलमुळं मला पळायला, उडायला वेळ मिळायचा. मागं असल्यामुळं हात मोकळा सुटायचा. ब्लॉक जमायचा, हे त्यालाही माहीत होतं. म्हणून तो बॉल कडेला न्यायचा, म्हणजे मी ब्लॉकच्या हाताला लावून बाहेर घालवू शकेन. माझे निम्मे पॉइंट तसेच आहेत. मी त्याला माझी अक्कल समजत होतो.

लिहिलेलं परत वाचलं. अक्षर नेहमीसारखंच आलं आहे.

११ मार्च, मंगळवार

भागवतच्या शेतावर गेलो. हळद शिजत होती. लोखंडी ड्रममधून वाफ निघत होती, वास सगळ्या शिवारात. पलीकडं शिजलेली हळद वाळायला पसरलेली. भागवतचे हात कोपरापर्यंत पिवळे. मला पाहून त्यानं वाफेचा कॉक बंद केला नाही.

"या," म्हणाला. 'कॅप्टन' म्हणाला नाही.

मी बाजेवर बसलो. मिनानं पाणी आणून दिलं. मी म्हणालो, "व्हिडिओ पाहिले."

"कशाचे?"

"तुझ्या लिफ्टचे. काहून सांगितलं नाहीस?"

तो ड्रमचं झाकण उघडण्यात गुंतला होता. एक गाठ काढून त्यानं काडी टोचून पाहिली, शिजली का. "काय सांगायचं? कॅप्टन, तुमाला आता उडता येत न्हाई?" काडी आत गेली. "एकदा सांगायला आलतो. दोन वर्षांखाली. तुमी त्या दिवशी लई खूष होते, एकट्यानं बारा पॉइंट घेतले म्हणून. परत गेलो."

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"त्याचं काही न्हाई," तो म्हणाला. "हौसेनं दिली. पण गाडीत पोरांसमोर बोलले तुमी. विश्वजीत मला गुरू म्हणतो. माझ्या शेजारी बसलता."

त्या वेळी बोलायला पाहिजे होतं. तोंड उघडलं तर विचारलं, "उतारा कसा आहे यंदा?"

त्यानं सांगितलं. मी ऐकलं. जेवणाचं विचारलं, बावीस तारीख, संध्याकाळी सात. तो म्हणाला, "दुसरा फड काढायला घेतला. बघतो."

माफी मागायला गेलो होतो, हळदीचा उतारा विचारून आलो.

१६ मार्च, रविवार

नवा मसुदा. यात सगळं लिहिलं. मी कसा आंधळा होतो, कसा अहंकारी, तुम्ही मला कसं वाहून नेलं, मी लायक नव्हतो. चार पानं. वाटलं, आता तरी खरं लिहिलं.

माणिकरावांनी दोन पानांवर थांबवलं. "हे कुणासाठी?"

"त्यांच्यासाठी."

"न्हाई. हे तुझ्यासाठी. तू असा छाती बडवून घेशील तर ते उठून तुझी समजूत घालतील. न्हाई कॅप्टन, असं काही न्हाई कॅप्टन. म्हणजे परत त्यांनीच तुला उचलायचं. आभाराच्या दिवशीबी." त्यांनी पेन मागितलं. 'मी' जिथं जिथं होता तिथं खूण केली. सत्तावन्न झाल्या. "त्यांनी काय केलं ते सांग. त्यांचं नाव, त्यांचं काम. तू काय होता ते आपोआप कळतं. लोक येडे न्हाईत."

"आणि भागवतचं?"

"जे चारचौघांत बोलला ते चारचौघांतच माघारी घ्यायचं. एका वाक्यात. कारण सांगायचं न्हाई. कारण सांगितलं की माफी पातळ होते."

संध्याकाळी साधनानं मोबाइलवर वेळ लावली. अकरा मिनिटं. कापलं. साडेआठ. परत कापलं. सहा मिनिटं चाळीस सेकंद. राखीव चौघं आधी आले, मग बाकीचे. ती म्हणाली, "आता माणसं दिसून राहिली."

मी विचारलं, "वाचताना आवाज कसा येतो?"

"कोरडा," ती म्हणाली. "राहू द्या. तसाच बरा हाय."

२३ मार्च, रविवार

काल जेवण झालं. आज सकाळी लिहितो.

कॉलनीच्या मैदानावरच मांडव घातला होता. धरणातल्या मासळीचा रस्सा, ज्वारीच्या भाकरी, माणिकरावांसारख्यांसाठी वांग्याची भाजी आणि वरण. मुन्नाचा रोजा होता, त्यानं खजूर खाऊन सोडला, नमाज पढून आला, मग सुरू केलं. घरच्यांसकट साठेक माणसं. रेवतीनं भिंतीवर व्हिडिओ दाखवले. २०१७ चा लागला तेव्हा टाळ्या पडल्या. २०२४ चा तिनं काढून टाकला होता, मी न सांगता.

माणिकरावांनी शाल-श्रीफळ दिलं. मग मी उभा राहिलो. भागवत आलेला नव्हता. एक खुर्ची रिकामी होती, तिकडं कुणी पाहत नव्हतं, म्हणजे सगळेच पाहत होते.

कागद हातात होता. जे बोललो त्यातलं काही इथं उतरवतो.

"माणिकरावांनी हे मैदान आखलं नसतं तर आपण सगळे पत्ते खेळत बसलो असतो. त्यांचे आभार." हसले लोक.

राखीव चौघांचं सांगितलं. एकेकाचं एकेक वाक्य. एक जण अकरा वर्षांत नऊ मॅच खेळला आणि एकही सराव चुकला नाही, हे सांगितलं तर त्याच्या बायकोनं त्याच्याकडं वळून पाहिलं.

"मुन्ना. लिबेरोच्या वाट्याला अर्धं मैदान येतं. मुन्नानं तीन वर्षं त्याहून दोन पावलं जास्त सांभाळली. ती दोन पावलं माझी होती. मुन्ना, शुक्रिया." मुन्नानं मान खाली घातली. बाजूच्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"पुंजाजी. माझ्या हातावरून बॉल जाऊ नये म्हणून तो मधली जागा सोडून माझ्याकडं यायचा. मधून मार बसला की मी त्याच्यावर ओरडायचो. तो म्हणायचा, चालतं. पुंजाजी, तुझं ते 'चालतं' आता कळलं. आभार."

वाढपी रश्श्याचं पातेलं घेऊन कडेला थांबले होते.

"विश्वजीत. हट्ट्याला त्यानं दिलेल्या तिन्ही लिफ्टा बरोबर होत्या. हे त्याला माहीत असलं पाहिजे, म्हणून सांगतो."

मग कागद खाली केला. हे पाठ होतं. "भागवत. सोळा वर्षांत त्यानं माझ्यासाठी किती बॉल उचलले, मोजलेले नाहीत. शेवटच्या तीन वर्षांत त्यानं माझ्यासाठी वेगळी लिफ्ट तयार केली, आणि ती मला लागते हे मला कळू दिलं नाही. क्रूझरमध्ये मी म्हणालो होतो की मॅच भागवतच्या लिफ्टनं गेली. ते खोटं होतं. ते मी परत घेतो. भागवत, आभार."

रिकाम्या खुर्चीशी बोललो. आवाज कोरडाच होता. पुढं घरच्यांचं. साधनाचं बोललो की बावीस वर्षं माझे मातीचे मोजे तिनं धुतले, आता तेवढं पाणी वाचेल. हसले. मग पुंजाजीला पुढं बोलावलं. "उद्यापासून टॉस हा करेल, पंचाशी हा बोलेल. मी बाहेर बसेन आणि तोंड बंद ठेवेन. उघडलं तर माणिकरावांनी मला घरी पाठवावं." संपलं. घड्याळात सहा मिनिटं पन्नास.

टाळ्या झाल्या. जेवायला बसलो.

दुसरी भाकरी वाढत होते तेव्हा भागवत आला. धुतलेला शर्ट, नखांत हळद. मिना सोबत. शेवटच्या ओळीत जिथं वाढपी बसणार होते तिथं जाऊन बसला. कुणी त्याला सांगितलं नाही की भाषण झालं. तो ताटाकडं पाहत होता. सगळे जेवत होते, पण चघळल्याचा आवाज बंद झाला होता.

माणिकराव माझ्या शेजारी होते. घास हातात धरून म्हणाले, "त्यानं ऐकलं न्हाई सूर्यकांता."

मी उठलो. कागद खिशात शर्टाला चिकटला होता, काढला नाही. उष्टा हात तसाच. म्हणालो, "भागवत." त्यानं वर पाहिलं. "मॅच तुझ्या लिफ्टनं गेली नाही. माझ्या पायांनी गेली. सगळ्यांसमोर खोटं बोललो होतो. सगळ्यांसमोर परत घेतो."

साठ माणसं. मिनानं पदर तोंडाला लावला.

भागवतनं ताट जवळ ओढलं. भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाला, "बसा कॅप्टन. रस्सा गार होऊन राहिला."

बसलो. रस्सा खाल्ला. मला वाटलं होतं, या क्षणी काहीतरी वाटेल. मासळीत काटे फार होते, तेवढं आठवतं.

२५ मार्च, मंगळवार

कालव्याच्या पाळीचा हिशोब ऑफिसला दिला. संध्याकाळी मैदानावर गेलो, माणिकरावांशेजारी खुर्ची टाकली. पुंजाजीनं सराव घेतला. उशिरा सुरू केलं त्यानं, आधी धावायला लावायला हवं होतं. मी बोललो नाही.

भागवत आला नाही.

२९ मार्च, शनिवार

आज आला. माझ्याकडं पाहून मान हलवली, आत गेला. विश्वजीतला एका बाजूला उभं केलं, स्वतः दुसऱ्या.

माझ्या जागेवर आता सेनगावचा एक नवा पोरगा घेतला आहे. त्याला भागवतनं पहिला बॉल दिला आणि मी खुर्चीत पुढं सरकलो. बॉल त्याच्या बोटांतून सुटल्याचं दिसलंच नाही. जाळ्याच्या कडेवरून नुसता सरकत गेला, सपाट, आणि पोराच्या हातावर जाऊन पोचला. समोर ब्लॉकला कुणी उडालंच नाही. दुसरा त्याहून जलद. तिसरा पाठीमागं, न पाहता. मैदानावरची पोरं ओरडायला लागली. भागवत हसत होता. पन्नाशीकडं चाललेला माणूस, गुडघ्यावर पट्टी नाही, हात असे हलके.

माणिकराव समोर पाहतच म्हणाले, "दोन वर्षांखाली जिल्ह्याच्या टीमचे निवडणारे आलते आपल्या मॅचला. तुला आठवतं का?"

आठवतं. ते म्हणाले होते, लिफ्टर संथ आहे, नको. मी मान डोलावली होती. तेव्हा मला ते बरोबर वाटलं होतं.

"त्यालाबी माहीत होतं ते आलेत म्हणून," माणिकराव म्हणाले.

मी विचारलं, "मग त्या दिवशी तरी त्यानं..."

"त्या दिवशी तू बारा पॉइंट घेतले."

सराव चालू राहिला. पुंजाजी माझ्याकडं पाहून म्हणाला, "कॅप्टन, काही सांगायचंय का?" मी मान हलवली, नाही. माणिकरावांनी उपरणं माझ्या मांडीवर टाकलं आणि मैदानाकडं पाहत राहिले. मी ते दोन्ही हातांनी तोंडावर धरलं, सगळ्यांना दिसत असताना, आणि कुणीही खेळ थांबवला नाही.